अडीचशे किलोचं तुळशीवृंदावन दोन-तीन माणसांत कसं उचलायचं: पहार आणि कप्पीचं साधं गणित

इंदूरच्या रामबाग, नारायणबाग भागातल्या जुन्या मराठी घरांमध्ये चौकात काळ्या दगडाचं तुळशीवृंदावन असतंच, आणि गेल्या काही वर्षांत जवळपास प्रत्येकाची एकच तक्रार आहे की बाहेरचा रस्ता उंच झाला, पावसाळ्यात चौकात पाणी साचतं आणि तुळस पाण्यात बसते. मग ठरतं की खाली ओटा बांधून वृंदावन वर घ्यायचं. आणि तिथेच गाडी अडते, कारण दगड हलवायचा कसा? आमच्या आत्याकडे पण हेच झालं. आत्याचं म्हणणं होतं, "अगं, ते बसवलं तेव्हा आठ माणसं लागली होती, आता आठ माणसं आणायची कुठून?" आठ माणसं लागत नाहीत. दोन धडधाकट माणसं, एक लक्ष ठेवणारं, एक पहार, चार चाकांची कप्पी आणि तीन पायांची घोडी एवढ्यात काम होतं. फक्त आधी वही-पेन घेऊन थोडं गणित करायचं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी क्रमाने सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं त्यावरच आहे. पहार किंवा कप्पी वजन कमी करत नाही. २४० किलो २४० किलोच राहतात. तुमच्या हाताला कमी जोर लागतो कारण तुम्ही हात जास्त अंतर हलवता, आणि जे वजन तुमच्या हाताला लागत नाही ते दुसरं कोणीतरी पेलत असतं, म्हणजे टेकू, हुक, घोडीचे पाय. आपल्या हाताला हलकं लागलं की वाटतं सगळं हलकं झालं, आणि गडबड नेमकी तिथे होते जिथे आपला हात नाही.

आधी वजन काढा

काट्यावर ठेवता येत नाही म्हणून अंदाजपंचे बोलू नका, टेप घ्या. आत्याचं वृंदावन ४५ सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच. वर माती भरायचा जो खळगा आहे तो २५ सेंमी लांब, रुंद आणि खोल. पूर्ण ठोकळ्याचं माप १,०१,२५० घन सेंमी, त्यातून खळग्याचे १५,६२५ वजा केले की ८५,६२५ उरतात. माळव्याचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, दख्खनचा तोच लाव्हा इथपर्यंत आलाय, आणि त्याच्या एका घन सेंमीचं वजन साधारण २.८ ग्रॅम धरायचं. गुणाकार केला की २४० किलो येतात. नक्षी, कंगोरे यामुळे पाच-दहा किलो इकडे-तिकडे होईल, चालतं. तुमच्याकडे ग्वाल्हेरकडचा वाळूचा दगड असेल तर तो हलका असतो, त्याच मापाचं वृंदावन दोनशे किलोच्या आसपास भरेल.

उचलण्याआधी तुळस मुळांसकट काढून कुंडीत लावा आणि माती पूर्ण काढा. पंधरा लिटरच्या वर माती असते, ओली असली तर वीस-पंचवीस किलो सहज भरते, ते ओझं उगाच कशाला वाहायचं. आणि खालचा जुना चुना छिन्नीने चारी बाजूंनी मोकळा करा. दगड खाली चिकटलेला असला तर तुमचं सगळं गणित चुकतं, कारण मग तुम्ही वजन नाही, चुना उचलताय.

पहार कशी लावायची

पहार, जिला इथले मिस्त्री सब्बल म्हणतात, ती पाच फुटी घ्या, म्हणजे १५० सेंमी. हीच आपली तरफ. टोक दगडाच्या कडेखाली सारायचं, टोकाजवळ खाली एक टेकू ठेवायचा, आणि दुसरं टोक हाताने खाली दाबायचं.

आता बघा किती जोर लागतो. आपण पूर्ण दगड उचलत नाही आहोत, एक कड उचलतोय, समोरची कड जमिनीवरच टेकलेली आहे. म्हणून पहारीच्या टोकावर अर्धंच वजन येतं, १२० किलो. टेकू टोकापासून १० सेंमीवर ठेवला तर हाताच्या बाजूला १४० सेंमी उरतात. १४० भागिले १० म्हणजे १४ पट. १२० ला १४ ने भागलं की साडेआठ किलोच्या आसपास येतं. साडेआठ किलो! आत्याची शाळेत जाणारी नात पण दाबू शकली असती एवढं. तोच टेकू चुकून ३० सेंमीवर ठेवला तर हाताच्या बाजूला १२० उरतात, फक्त ४ पट, आणि जोर लागतो ३० किलो. टेकू एक वीतभर सरकला आणि काम साडेतीन पट जड झालं. म्हणून आमचा मिस्त्री दर वेळी ओरडायचा, "सब्बल बाद में, पहले गुटका पास लो!" त्याला फॉर्म्युला माहीत नव्हता पण गुटका, म्हणजे आपला टेकू, कुठे हवा हे चोख माहीत होतं.

दुसरी चूक हाताची असते. नवीन माणूस पहार मध्यावर धरतो कारण तिथे आटोपशीर वाटते. मध्यावर धरली की तुमची भुजा निम्मी आणि जोर दुप्पट. अगदी शेवटच्या टोकाला धरा.

याची किंमत अंतरात मोजावी लागते. हात ४० सेंमी खाली नेलात तर दगडाची कड ४० भागिले १४, म्हणजे तीन सेंमीपेक्षा थोडी कमीच वर येते. बस तेवढीच. त्यामुळे पहारीने दगड एकदम वर जात नाही, टप्प्याटप्प्याने जातो: कड उचला, खाली लाकडाचा गुटका सारा, पहार सोडा, समोरच्या बाजूला जा, तिथे तसंच करा. गुटका सारताना बोटं दगडाखाली जाता कामा नये. गुटका लांब घ्या आणि बाहेरून काठीने ढकला. पहार निसटायला क्षणही लागत नाही आणि खाली १२० किलो येतात.

आता तो टेकू. त्याच्यावर किती भार येतो? दगडाचे १२० आणि तुमचे साडेआठ, दोन्ही मिळून जवळजवळ १२९ किलो, तेही एका छोट्या कडेवर. जुन्या चौकातली फरशी पोकळ असेल किंवा खाली माती असेल तर टेकू खाली रुततो, आणि रुतताना पहारीचं टोक वर न जाता टेकूच खाली जातो, दगड हलतच नाही. ओळखायचं असं की पहार दाबताना दगडाकडे नाही, टेकूच्या बुडाशी बघायचं. फरशीला बारीक तडा दिसला किंवा टेकू एका बाजूला कलला की लगेच थांबा आणि खाली एक जाड फळी किंवा लोखंडी पत्र्याचा तुकडा घाला म्हणजे भार पसरतो. टेकूसाठी विटेचा तुकडा अजिबात घेऊ नका, वीट फुटते. सागाचा किंवा सालचा चौकोनी तुकडा सगळ्यात बरा. आणि गोल दांडका टेकू म्हणून नको, तो घरंगळतो.

अजून एक खूण लक्षात ठेवा. हिशोबाने साडेआठ-नऊ किलो लागायला हवेत, अगदी पहारीची जाडी आणि कोन धरून बारा-पंधरा लागले तरी ठीक. पण तुम्ही सगळं अंग टाकलंय आणि दगड ढिम्म, तर जास्त जोर लावू नका, दुसऱ्याला पण पहारीवर लटकवू नका. याचा अर्थ कुठेतरी चुना अजून धरून आहे किंवा टेकू लांब आहे. चिकटलेला दगड एकदम सुटतो आणि पहार उसळते, तोंडावर लागते. गणित आधी करून ठेवायचा खरा फायदा हाच, काहीतरी चुकतंय हे हाताला लगेच कळतं.

जिथे पहार खाली दाबायला जागाच नाही, समोर भिंत आहे, तिथे पहार उलटी वापरता येते: टोक दगडाच्या खाली पुढे जमिनीवर टेकवायचं आणि आपलं टोक वर उचलायचं. तेव्हा जमिनीवर टेकलेलं टोकच टेकू होतं आणि वजन मध्ये येतं. गणित जवळपास तेवढंच, १५ पट. पण मी शक्यतो हे करू नका म्हणेन, कारण खाली दाबताना तुमच्या शरीराचं वजन कामाला येतं आणि वर उचलताना तुमची कंबर.

दगड बाजूला घेणं

चारी कडा पाच सेंमी वर आल्या की खाली गोल पाइपचे तीन तुकडे घाला, बाहेरून ४ सेंमी जाडीचे, भरीव बार मिळाला तर उत्तमच. गुटके काढा, दगड पाइपांवर बसेल. आता मागून पहारीने हलकेच रेटलं तरी तो सरकतो. पुढे सरकला की मागचा पाइप मोकळा होतो, तो उचलून पुढे घालायचा. उतार असेल तर समोर आधीच गुटका अडसर म्हणून ठेवा, कारण पाइपांवर चढलेला दगड थांबवणं हे त्याला ढकलण्यापेक्षा खूप अवघड असतं. आम्ही दगड दीड मीटर बाजूला नेला, जुन्या जागी गवंड्याने ४५ सेंमी उंचीचा विटांचा ओटा बांधला आणि तो पूर्ण पक्का होईपर्यंत तसाच ठेवला. ओल्या ओट्यावर घाई करू नका, आठवडाभर तरी पाणी मारून राहू द्या.

खरं तर ओट्याच्या उंचीपर्यंत नुसत्या पहारीने आणि गुटक्यांच्या थप्पीनेही जाता येतं. पण ४५ सेंमीच्या थप्पीवर डुगडुगणारा दगड, आणि दर वेळी फक्त दोन-अडीच सेंमीची चढण, नवीन माणसाला ते मी सुचवणार नाही. इथून पुढे कप्पी.

कप्पी: एक आणि चार यात फरक काय

विहिरीवरची कप्पी सगळ्यांनी बघितलीय. ती वर घट्ट बांधलेली असते, दोर तिच्यावरून जातो, आपण खाली ओढतो आणि बादली वर येते. या कप्पीने जोर एक ग्रॅमही वाचत नाही. फक्त दिशा बदलते, वर उचलायच्या ऐवजी खाली ओढता येतं. २४० किलोसाठी २४० किलोच ओढावे लागतील, वर थोडं घर्षण. म्हणजे चार-पाच माणसं दोराला लटकली तरच दगड हलेल.

जोर वाचतो तो हलत्या कप्पीमुळे, जी वजनाबरोबरच वर जाते. दोराचं एक टोक वर बांधलं, दोर खाली हलत्या कप्पीतून फिरवून परत वर आणला, तर वजन दोराच्या दोन पदरांवर लटकतं, प्रत्येकावर निम्मं. वर दोन चाकांची कप्पी आणि खाली दोन चाकांची, असा एकच दोर फिरवत नेला तर चार पदर होतात आणि प्रत्येक पदरावर २४० भागिले ४, म्हणजे ६० किलो. दोर एकच असल्यामुळे त्याच्यात सगळीकडे साधारण सारखाच ताण असतो, म्हणून तुमच्या हातातल्या टोकालाही ६० किलोच लागतात. पट किती हे मोजायची सोपी रीत अशी की खालच्या, हलत्या कप्पीकडे बघायचं आणि तिला धरून ठेवणारे पदर मोजायचे. वरच्या कप्पीवरून उतरून तुमच्या हातात आलेला पदर मोजायचा नाही, तो वजन धरत नाहीये. नवीन लोक तो पण मोजतात आणि पाच पट समजून बसतात.

पण ६० हे पुस्तकातलं उत्तर आहे. प्रत्यक्षात प्रत्येक चाकावर दोर वाकतो, चाकाची धुरी घासते, आणि साध्या बुशच्या कप्पीत दर चाकाला ताणाचा दहावा भाग तरी जातो. मग तुमच्या हाताचा जोर १०० धरला तर पहिल्या पदराला ९० मिळतात, पुढच्याला ८१, मग ७३, मग ६६. बेरीज केली तर ४०० नाही, ३१० होतात. म्हणजे चार पट नाही, ३.१ पट. २४० भागिले ३.१ केलं की ७७-७८ किलो येतात. घर्षणाचा हा हिस्सा धरला नाही तर लोक म्हणतात कप्पी खराब आहे. कप्पी ठीक असते. चांगल्या बेअरिंगच्या कप्पीत हे नुकसान निम्म्यावर येतं आणि ६८ किलोत काम होतं. चाकं वाढवत गेलात, तीन वर आणि तीन खाली, तर सहा पदरांनी साध्या कप्पीत सहा पट नाही, सव्वाचार पटच मिळते. म्हणून चाकं वाढवण्याआधी धुरीत ग्रीस घाला.

७८ किलो दोन माणसं खाली ओढताना आरामात लावू शकतात. ओटा ४५ सेंमीचा, वर पाइप आणि थोडी सूट धरून दगड ५५ सेंमी उचलायचा, तर दोर चारपट ओढावा लागेल, २२० सेंमी. तेवढा दोर शिवाय कप्प्यांमधले पदर आणि बांधायला काही मीटर असं धरून बारा-पंधरा मीटर दोर घ्या. १६ मिमी जाडीचा घ्या. ताकदीसाठी बारीकही चालला असता, पण बारीक दोर हातात कापतो आणि पकड सुटते. गाठ मारली की दोराची ताकद खूप कमी होते, निम्म्यापर्यंतही येते, म्हणून मधे जोडलेला दोर वापरू नका, आणि जोड कप्पीत अडकतो ते वेगळंच.

सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांतून फिरताना तुम्हाला चेन कप्पी पण दिसेल, जिला सगळे चेनपुली म्हणतात. एक टनाची भाड्याने मिळाली तर तीच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. तिच्यात आत गिअर असतात, हाताची साखळी भरपूर ओढावी लागते पण जोर अगदी थोडा लागतो, आणि मुख्य म्हणजे हात सोडला तरी वजन जिथल्या तिथे राहतं, आत ब्रेक असतो. दोराच्या कप्पीत हात सोडला की दगड खाली. पुढचं सगळं, म्हणजे घोडी, पट्टे, उंची, ते दोन्हींना सारखंच लागू आहे.

घोडी आणि वरचा हुक

जुन्या वाड्यात पहिला विचार येतो की वरच्या तुळईलाच कप्पी बांधू. नको. वाळवी आतून किती खाऊन गेलीय हे बाहेरून कळत नाही. आणि तुळईवर २४० किलोच येणार असं समजू नका. वरच्या हुकाला दगडही खाली ओढतो आणि तुम्हीही खाली ओढता. चार पदरांच्या कप्पीत २४० अधिक ७८, म्हणजे ३१८ किलो. आणि साधी एकच कप्पी लावून ओढलं असतं तर २४० अधिक घर्षणासकट २६७, म्हणजे पाचशेच्या वर! जोर वाचवायला नव्हे, नुसतं सोयीसाठी लावलेली कप्पी आधारावर दुप्पट भार टाकते, हे खूप कमी लोकांच्या लक्षात येतं.

म्हणून तीन लोखंडी पाइपांची घोडी, बोअरवेलची मोटर काढणारे वापरतात तशी. उंची किती हवी ते कागदावर मांडा, नाहीतर ऐनवेळी फसाल. दगडाचं बूड ५५ सेंमीवर न्यायचंय, दगड स्वतः ५० सेंमी, त्याच्या वर पट्टे ४० सेंमी, आणि दोन कप्प्या पूर्ण जवळ आल्या तरी हुकापासून हुकापर्यंत त्यांना ६० सेंमी लागतात. एकूण २०५ सेंमी. म्हणजे वरचा हुक २३० सेंमीवर असला की थोडी सूट राहते. हे न मोजता लोक सहा फुटी घोडी आणतात, दगड अर्ध्यात जातो आणि कप्प्या एकमेकींना भिडतात. मग ओढणारे समजतात अडकलंय आणि आणखी जोर लावतात, त्यात दोर तुटतो.

२३० सेंमी उंचीसाठी २६० सेंमीचे पाय घेतले तर प्रत्येक पाय मध्यापासून साधारण १२० सेंमी लांब टेकतो. तिरका पाय भार खाली देतो तसाच बाहेरही ढकलतो, आणि आपल्या हिशोबात प्रत्येक पाय पन्नास-पंचावन्न किलोच्या जोराने बाहेर सरकू पाहतो. गुळगुळीत कोटा फरशीवर तो सरकणारच. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधा, साखळी ताठ असू द्या. दोर नाही, साखळी, कारण नायलॉनचा दोर ताणतो आणि ताणला तेवढा पाय सरकतो. आणि दोर ओढणाऱ्यांनी घोडीच्या पायांच्या आतल्या बाजूलाच, सरळ खाली ओढायचं. लांब उभं राहून तिरकं ओढलं तर घोडी तुमच्याच अंगावर येईल. आत उभं राहून पण दगडाखाली पाय नाही, ही कसरत वाटते, म्हणून घोडी प्रशस्त घ्या.

पट्टे घालणं

दगड अजून पाइपांवर आहे तोच खालून दोन रुंद पट्टे घाला, एकमेकांना आडवे, जे क्रेनवाले वापरतात ते पॉलिस्टरचे. त्यांच्यावर किती किलोचे आहेत ते शिवलेल्या पट्टीवर छापलेलं असतं, ती पट्टी फाटलेली असेल तर तो पट्टा घेऊ नका. दगडाच्या धारेवर गोणपाट दुमडून ठेवा, नाहीतर धार पट्टा कापते. दगडाच्या मधोमध बाहेरून एक दोर गुंडाळून दोन्ही पट्टे चारी बाजूंनी अंगाला बांधून घ्या म्हणजे ते सरकत नाहीत.

पट्ट्यांची चारी टोकं वर हुकात येतात. हुक दगडाच्या माथ्यापासून ४० सेंमी वर असला तर प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोच्या आत ताण येतो. उंची वाचवायला पट्टे आखूड केले, हुक १३ सेंमीवरच आणला, तर पट्टे इतके आडवे होतात की तोच ताण १२० किलो होतो. दगड तोच. आखूड पट्टा म्हणजे जास्त ताण, हे उलटं वाटतं पण कागदावर काढून बघा.

उचलताना

दगड ओट्याच्या अगदी शेजारी आणून त्याच्या दोन बाजूंना विटांचे दोन ठोकळे रचून ठेवा, ओट्याच्या उंचीला येतील असे, एक ओट्याला चिकटून आणि एक पलीकडे. वरून घालायचे दोन चौकोनी वासे, चार इंची, तयार ठेवा, विटा त्या हिशोबाने कमी रचा म्हणजे वाश्यांचा माथा ओट्याच्या सपाटीला येईल.

घोडीचा हुक दगडाच्या बरोब्बर वर आहे का ते ओळंब्याने बघा. चार बोटं इकडे-तिकडे असलं तर दगड उचलल्याबरोबर त्या बाजूला झुलतो आणि विटांवर आपटतो. टांगलेला दगड हाताने बाजूला ओढून ओट्यावर नेऊ असा विचार मनातही आणू नका, त्याला २५-३० अंश कलवायला शंभर किलोहून जास्त जोर लागतो आणि सुटला की तो तितक्याच जोराने परत येतो.

आधी फक्त दोन सेंमी उचला. थांबा. आता सगळं वजन घोडीवर आहे, आणि काही सुटायचंच असेल तर दोन सेंमीवर सुटलेलं बरं. घोडीचे पाय, साखळी, पट्टे, गाठी, एकेक बघा. तिसरं माणूस यासाठीच हवं, आमच्याकडे आत्याने स्वतः हे काम केलं आणि फार नीट केलं, कारण ओढणाऱ्यांची नजर दोरावर असते. दोर ओढता ओढता मोकळं टोक चौकातल्या दगडी खांबाला दोन-तीन वेढे देऊन एकाने धरावं. दोन वेढ्यांनीच घर्षण इतकं होतं की ७८ किलोचा ताण एका हाताने सहज अडवता येतो. खांब पण नीट रोवलेला हवा, नुसता शोभेचा नको.

बूड ५५ सेंमीच्या जवळ आलं की दोर बांधून टाका, वासे बाहेरून ढकलत विटांवर सरकवा, टोकं धरून, हात दगडाखाली न नेता. वाश्यांवर पाइप ठेवा, पट्टे पाइपांच्या मधे येतील असे, आणि दोर थोडाथोडा सैल करत दगड पाइपांवर उतरवा. पट्टे लगेच काढू नका, सैल ठेवून दगड ओट्यावर पूर्ण येईपर्यंत तसेच राहू द्या.

ओट्यावर बसवणं

पाइपांवरून दगड ओट्यावर आला, मधोमध आणला, तोंड पूर्वेला करायचं असेल तर आत्ताच फिरवून घ्या. मग पुन्हा पहार. एक कड जरा उचला, पाइप काढा, त्याजागी अडीच सेंमीची पट्टी, मग समोरची कड, मग एक सेंमीची पट्टी, असं करत खाली आणा. एकदम ४ सेंमी पाडलात तर दगडाचा कोपरा उडतो किंवा नवीन ओट्याला तडा जातो. इथे टेकू ओट्याच्या कडेवर येतो आणि तेच १२९ किलो विटेच्या कोपऱ्यावर पडतात, म्हणून कडेवर जाड फळी हवीच आणि टेकू कडेपासून जरा आत.

पट्ट्या काढायच्या आधी दोन्ही दिशांना लेव्हल लावून बघा, जिथे कमी आहे तिथे पातळ फरशीचा तुकडा घाला. शेवटची पट्टी काढून दगड कोरडाच बसू द्या, खाली मसाला पसरायची गरज नाही, २४० किलो आपल्या वजनानेच बसतात. सांधा मात्र चारी बाजूंनी भरून घ्या. खळग्याच्या तळाला पाणी जायचं भोक असतं ते चुन्याने बुजलेलं असेल तर बारीक सळईने मोकळं करा आणि ओट्यातूनही त्याला वाट ठेवा, सांधा भरताना त्या वाटेत कापडाचा बोळा घालून ठेवायचा आणि नंतर ओढून काढायचा. सांधा वाळला की खाली खापराचे तुकडे, वर माती आणि मग कुंडीतली तुळस परत.